बीमच्या चिरेत इपॉक्सी भरायचं की सिमेंट ग्राउट?

प्रश्न: "आमची पुण्यातली सोसायटी २२ वर्षं जुनी आहे, खाली पार्किंग आणि वर चार मजले. पार्किंगमधल्या एका बीमला (२३० × ६०० मिमी) कॉलमजवळ तिरकी चीर आहे, दोन्ही बाजूंनी दिसते. दुसरा एक बीम वरच्या टॉयलेटच्या खाली येतो, त्याला तळाजवळ आडवी लांब चीर आणि तपकिरी डाग आहेत. एक कॉन्ट्रॅक्टर दोन्हींना इपॉक्सी इंजेक्शन सांगतो. दुसरा म्हणतो, आधी सिमेंट ग्राउटिंग करू, खर्च अर्ध्याहून कमी येईल, नाहीच जमलं तर मग इपॉक्सी करता येईल. पहिल्या मजल्यावर दोन वर्षांपूर्वी एका फ्लॅटमध्ये नवी विटांची भिंत बांधली आहे, त्याचा संबंध असेल का? कोणाचं ऐकावं?"

उत्तर:

पूर्णपणे कोणाचंच नाही. तिरक्या चिरेसाठी पहिला कॉन्ट्रॅक्टर बरोबर आहे, पण तेवढ्याने काम संपत नाही. आडव्या चिरेच्या बाबतीत दोघेही चुकताहेत. आणि दुसऱ्याचं "आधी सिमेंट, नाही जमलं तर इपॉक्सी" हे वाक्य ऐकायला समजूतदार वाटतं, पण खरा धोका त्याच वाक्यात आहे. तो का, ते पुढे सांगतो.

इपॉक्सी की सिमेंट हा निवडीचा प्रश्न नंतरचा. त्याआधी, चीर कशामुळे पडली, ती अजून हलतेय का आणि काँक्रीटमध्ये ती नेमकी किती रुंद आहे, हे कळायला हवं. पहिल्या बीमची चीर कॉलमजवळ आहे, तिरकी आहे आणि दोन्ही बाजूंना आहे, म्हणजे आरपार गेलेली आहे. अशी चीर बहुतेक वेळा शिअरची असते, म्हणजे आधाराजवळ बीमचा एक भाग शेजारच्या भागावरून सरकू पाहतो त्या जोराची. मध्यभागी तळाला पडणाऱ्या उभ्या केसासारख्या चिरा वेगळ्या. तिथे ताण घ्यायला सळया असतात आणि थोड्या चिरा पडणं डिझाइनमध्ये धरलेलंच असतं. काँक्रीटच्या बांधकामाचं भारतीय मानक, आयएस ४५६, सर्वसाधारण परिस्थितीत ०.३ मिमीपर्यंतची चीर चालवून घेतं. शिअरच्या चिरेत मात्र मुख्य सळयांना वेढणाऱ्या रिंगा आणि चिरेच्या दोन खडबडीत पृष्ठभागांची एकमेकांतली अडकण हाच मुख्य आधार उरतो. शिवाय शिअरमध्ये बीम फारशी पूर्वसूचना न देता जातो. म्हणून ही चीर ०.२ मिमीची असली तरी मी ती हलक्यात घेणार नाही.

नव्या भिंतीचा संबंध असू शकतो, आणि तो आकड्यांत पाहता येतो. साडेचार इंची विटांची भिंत दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसकट, २.८ मीटर उंचीची धरली, तर तिचं वजन दर मीटर लांबीला साधारण ८०० किलो भरतं. तीन मीटर भिंत म्हणजे जवळपास अडीच टन, आणि बावीस वर्षांपूर्वीच्या डिझाइनमध्ये ते धरलेलं नसणार. ती भिंत याच बीमवर किंवा याच बीमला येऊन मिळणाऱ्या आडबीमवर उभी असेल, तर तुमचं कारण बहुधा तिथेच आहे. इपॉक्सी कितीही चांगलं भरलं तरी ते भिंतीचं वजन कमी करत नाही. ते फक्त फुटलेला भाग पुन्हा एकसंध करतं. कारण तसंच राहिलं तर जुनी चीर उघडणार नाही, तिच्या शेजारी दोन-तीन इंचांवर नवी पडेल, कारण आता इपॉक्सीची रेघ आजूबाजूच्या काँक्रीटपेक्षा मजबूत असते. एम-२० काँक्रीटची वाकताना तुटण्याची ताकद आयएस ४५६च्या सूत्राने सुमारे ३.१ मेगापास्कल येते. नीट भरलेल्या इपॉक्सीची काँक्रीटशी पकड याच्या कितीतरी वर असते. इंजेक्शननंतर शेजारी नवी चीर आली की लोक मालाला दोष देतात. प्रत्यक्षात मालाने आपलं काम केलेलं असतं.

तेव्हा पहिलं काम म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावणं. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी करायचं असतं, त्यामुळे हा खर्च तसाही तुमच्याकडे देय असेल. त्यांच्याकडून या बीमपुरत्या दोन गोष्टी नक्की करून घ्या. रिबार लोकेटरने रिंगांचं अंतर तपासायचं आणि आजच्या भारावर शिअरचा हिशेब करायचा. रिंगा कमी पडत असतील, तर इंजेक्शननंतर बीमला जॅकेटिंग, म्हणजे बाहेरून सळया आणि काँक्रीटचं नवं आवरण, किंवा तीन बाजूंनी चिकटवलेलं कार्बन फायबरचं यू-रॅप लागेल. पुरत असतील, तर भिंत काढून तिथे एएसी ब्लॉकची किंवा बोर्डाची भिंत घालणं आणि चीर भरणं एवढ्यावर भागू शकतं. १०० मिमी एएसी ब्लॉकची भिंत विटांच्या भिंतीच्या निम्म्याहून कमी वजनाची होते. या दोहोंपैकी काय लागेल ते इथे बसून कोणी सांगू शकत नाही.

इंजिनिअर येईपर्यंत बीमखाली टेकू लावा. चिरेपासून थोडं मध्याकडच्या बाजूला, खाली लाकडी स्लीपर किंवा जाड प्लेट देऊन. पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकवर टेकू नुसता उभा केला तर तो खचतो आणि शोभेपुरता राहतो. टेकू घट्ट बसेपर्यंतच फिरवायचा. जॅक लावून बीम वर उचलायला जाऊ नका, कारण तसं केलं तर टेकूच्या डोक्यावर बीमच्या वरच्या अंगाला नवी चीर पडू शकते आणि ती स्लॅबच्या लादीखाली लपते.

आता रुंदीकडे येऊ. प्लास्टरवर दिसणारी चीर म्हणजे काँक्रीटची चीर नव्हे. प्लास्टरवर दोन मिमी दिसणारी चीर आत ०.३ची निघते, कधी आत काहीच नसतं, तर कधी प्लास्टर सुटून बाजूला सरकल्यामुळे चिरेची जागाच वेगळी असते. चिरेच्या दोन्ही अंगांना १५० मिमी प्लास्टर हातछिन्नीने काढा, ब्रेकर लावू नका. मग क्रॅक गेज कार्ड धरून दर १०० मिमीवर रुंदी मोजा आणि बीमवरच पेन्सिलीने आकडा आणि तारीख लिहा. चीर हलतेय का हे पाहायला चिरेवर काचेची पट्टी इपॉक्सीने दोन्ही टोकांना चिकटवतात. पट्टी तडकली की चीर जिवंत आहे असं समजायचं. चार ते सहा आठवडे, शक्यतो दिवसाच्या एकाच वेळी मोजलं तर ऊन-थंडीमुळे होणारा फरक वेगळा काढता येतो. शिअरच्या चिरेत टेकू लावल्याशिवाय हे आठवडे काढू नका.

समजा, तुमच्या बीमची चीर मधल्या उंचीवर ०.४ मिमी निघाली आणि दोन्ही टोकांकडे निमुळती होत गेली. आता यात सिमेंट जाईल का, ते पाहू. साध्या सिमेंटचे कण सरासरी १५ ते २० मायक्रॉनचे असतात, पण सगळे नसतात. ९० मायक्रॉनच्या चाळणीवर १० टक्क्यांपर्यंत सिमेंट शिल्लक राहिलं तरी ते प्रमाणात बसतं. फटीत दाणा न अडकता जायचा असेल तर फट सर्वांत मोठ्या दाण्याच्या किमान तिप्पट हवी, असा ठोकताळा आहे. म्हणजे ९० मायक्रॉनच्या दाण्याला २७० मायक्रॉन, सुमारे ०.३ मिमी. कागदावर ०.४ची चीर यात बसते आणि दुसरा कॉन्ट्रॅक्टर बहुधा हाच हिशेब दाखवेल. पण चीर ०.४ फक्त मध्यावर आहे. पुढे ती ०.२ आणि ०.१ होते, खडीला वळसे घालून जाते आणि तिचे काठ करवतीसारखे असतात.

त्यात कोरडं काँक्रीट पाणी पितं. ग्राउट आत शिरला की चिरेच्या भिंती त्यातलं पाणी शोषतात, उरलेला माल घट्ट होतो आणि तोंडापासून दोन-तीन इंचांवर बूच बसतं. मागून दाब दिला की पाणी त्या बुचातून चहाच्या गाळणीतून गळावं तसं पुढे जातं आणि सिमेंट मागेच राहतं. माल आत सोडायला चिरेवर बसवलेल्या नळ्यांपैकी पुढच्या नोझलमधून दुधी पाणी येतं, माणूस खूश होऊन "भरलं साहेब" म्हणतो आणि नोझल बंद करतो. आत मात्र चीर रिकामीच असते. पाणी वाढवून ग्राउट पातळ केला तर तो जातो खरा, पण ते जादा पाणी उडून गेलं की मागे पोकळी आणि भुकटी उरते. चिरेच्या दोन भिंती एकमेकींना धरून ठेवतील अशी पकड त्यातून मिळत नाही.

आता "नाही जमलं तर इपॉक्सी" याबद्दल. सिमेंट ग्राउटिंगच्या आधी चीर पाण्याने भिजवावी लागते, नाहीतर वर सांगितलेलं बूच आणखी लवकर बसतं. इपॉक्सीला याच्या बरोबर उलट परिस्थिती लागते. चीर कोरडी आणि धुळीपासून मोकळी हवी. सिमेंटचा प्रयत्न फसला की चिरेत ओलावा राहतो, तोंडाशी घट्ट बूच आणि आत सैल सिमेंटची बारीक भुकटी राहते. नंतर इपॉक्सी टोचलं तर ते बुचाला अडतं किंवा भुकटीला चिकटतं, काँक्रीटला नाही. हे बूच काढायचा व्यवहार्य मार्ग नाही. म्हणजे स्वस्त प्रयोगाने चांगल्या दुरुस्तीची संधी जाते. उलट क्रम मात्र चालतो. चीर इपॉक्सीने भरून शेजारच्या पोकळ काँक्रीटमध्ये नंतर सिमेंट ग्राउट देता येतो.

मायक्रोफाइन सिमेंट हा मधला पर्याय आहे. त्याचे दाणे साध्या सिमेंटपेक्षा बरेच बारीक असतात आणि ते ०.२-०.३ मिमीच्या ओलसर चिरेतही जाऊ शकतं. पण त्याला वेगवान मिक्सर आणि सोबतचं प्लास्टिसायझर लागतं. बादलीत काठीने ढवळलं तर दाणे गुठळ्या करून परत मोठे होतात. चीर कायम ओली असेल आणि पाणी थांबवणं शक्य नसेल तर याचा विचार करावा. तुमच्या पार्किंगमधल्या कोरड्या बीमला त्याची गरज नाही.

तिरक्या चिरेसाठी इपॉक्सीच, हे त्यामुळे ठरलं. आता ते कसं व्हायला हवं ते सांगतो, म्हणजे उभं राहून पाहताना काय पाहायचं ते कळेल.

किती माल लागेल इथून सुरुवात करा. ६०० मिमी उंचीत स्लॅबचे १२५ वजा केले तर दिसणारी उंची ४७५ मिमी. ४५ अंशात गेलेली चीर सुमारे ६७० मिमी लांब होते. खोली म्हणजे बीमची जाडी, २३० मिमी. सरासरी रुंदी ०.२५ धरली तर ६७० × २३० × ०.२५ म्हणजे ३८,५०० घन मिमी, म्हणजे ३९ मिली. सगळी चीर ०.४ची धरली तरी ६२ मिलीच होतात. एवढीशी मात्रा पाहून लोकांचा विश्वास बसत नाही, पण हाच आकडा तुमच्या हातातलं सर्वांत चांगलं मोजमाप आहे. नळी आणि भांड्यातली नासाडी सोडून चिरेत १० मिलीच गेलं, तर चीर कुठेतरी बुजलेली आहे. अर्धा लिटर गेलं, तर माल चिरेत नाही, कुठल्या तरी पोकळीत किंवा स्लॅबमधल्या वायरिंगच्या कंड्युट पाइपमध्ये जातोय. दोन्ही वेळा काम थांबवून कारण शोधायचं. म्हणून कॉन्ट्रॅक्टरला प्रत्येक नोझलला किती मिली गेलं ते लिहून ठेवायला सांगा.

नोझलच्या अंतरात एक गोम आहे. आपल्याकडे इंजेक्शनचं बिल बहुधा नोझलमागे होतं, त्यामुळे जितके नोझल जवळ तितकं बिल मोठं, आणि ग्राहकालाही वाटतं की जास्त नोझल म्हणजे जास्त काळजी. पण इपॉक्सीची राळ वाट मिळेल तिकडे जाते. २३० मिमी जाडीच्या बीमला दर ७५ मिमीवर नोझल लावले, तर ती बीमच्या पाठीपर्यंत पोचण्याआधी शेजारच्या नोझलमधून बाहेर येते. माणूस पहिला नोझल बंद करतो आणि चिरेचा मागचा अर्धा भाग कोरडा राहतो. आरपार चिरेला अंतर साधारण जाडीइतकं ठेवावं. इथे २०० मिमी ठीक आहे, म्हणजे एका बाजूला चार आणि समोरच्या बाजूला चार. टोचायचं एकाच बाजूने. समोरचे नोझल उघडे ठेवायचे, ते साक्षीदार. समोरून राळ आली म्हणजे ती आरपार पोचली.

चीर साफ करताना ग्राइंडरने तिच्यावर व्ही-खाच मारू नका. अनेक जण मारतात. ब्लेडची धूळ चिरेतच ठासली जाते आणि मग ती निघत नाही. तारेच्या ब्रशने पृष्ठभाग साफ करून व्हॅक्युमने ओढून घ्यावा. हवा मारायची असेल तर कॉम्प्रेसरला तेल-पाणी अडवणारा फिल्टर हवा. पाणी किंवा आम्ल अजिबात नको. मग नोझल चिरेवर बरोबर बसवून मधली सगळी चीर दोन्ही बाजूंनी इपॉक्सी पुट्टीने बंद करायची. तळाला आणि स्लॅबच्या सांध्याला विसरू नये, गळती बहुतेक तिथूनच होते. पुट्टी रात्रभर सुकू द्यावी. दुसऱ्या दिवशी एकेका नोझलमधून हलकी हवा सोडून शेजारच्या आणि समोरच्या नोझलला हात लावून पाहावं. हवा येत असेल तर मार्ग मोकळा आहे. कुठे येत नसेल तर ती जागा आत्ताच कळली, राळ घोटल्यावर नाही. गळती पाहायला साबणाचं पाणी लावू नका. ते चिरेत गेलं तर राळ चिकटणार नाही.

०.१ ते ०.४ मिमीच्या चिरेला पातळ राळ लागते. माहितीपत्रकावर व्हिस्कॉसिटी काही शे सेंटिपॉइजच्या आत आहे का ते पाहा. पुट्टीसारखी जाड राळ किंवा फ्लोअरिंगची उरलेली राळ इथे चालत नाही. राळ आणि हार्डनर वजनाने घ्यायचे की मापाने, हे पत्रकात नीट वाचा. दोघांची घनता वेगळी असते, त्यामुळे मापाने २:१ म्हणजे वजनाने २:१ नव्हे. डब्याच्या अंदाजाने ओतणं ही या कामातली सर्वांत महाग चूक आहे. प्रमाण चुकलेली राळ कधीच पूर्ण कडक होत नाही, आणि चिरेत गेलेला चिकट द्रव परत काढता येत नाही. एका वेळी दोनशे-तीनशे ग्रॅमच मिसळावं, मंद वेगात तीन मिनिटं, भांड्याच्या कडा खरवडत. जास्त माल एकत्र कालवला की रासायनिक उष्णतेने तो बादलीतच गरम होतो आणि ठरलेल्या वेळेआधी घट्ट होतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ अंदाजे निम्मा होतो. पुण्यात मे महिन्यात हे काम असेल तर सकाळी लवकर करा आणि डबे सावलीत ठेवा.

प्रत्येक घाण्यातला थोडा माल कागदी कपात काढून त्यावर घाण्याचा नंबर लिहा. दुसऱ्या दिवशी त्यात नख रुतलं किंवा तो चिकट लागला, तर त्या घाण्याने भरलेल्या जागेबद्दल इंजिनिअरला लगेच सांगा. ही तपासणी फुकट आहे आणि तरी बहुतेक साइटवर होत नाही.

टोचायला सगळ्यांत खालच्या नोझलपासून सुरुवात करावी. दाब दीड-दोन किलो प्रति चौ. सेंमी. ठेवून वाट पाहावी. राळ वरच्या आणि समोरच्या नोझलमधून बुडबुडे न येता वाहू लागली की खालचा बंद करून वर सरकायचं. राळ जात नाही म्हणून दाब दहा-बारावर नेणारे भेटतील. तसं केलं तर पुट्टी उडते, नाहीतर चीरच आणखी फाकते. हळू आणि जास्त वेळ, हेच इथे चालतं. शेवटच्या नोझलला दाब काही मिनिटं धरून ठेवायचा. राळ आत मुरते, त्यामुळे अर्ध्या तासाने वरच्या नोझलला पुन्हा थोडी द्यावी लागते. निदान चोवीस तास हात लावू नका आणि टेकू सात दिवसांनी, इंजिनिअरने सांगितल्यावरच काढा. भिंतीचं वजन कमी करायचं असेल तर ते इंजेक्शनच्या आधी करा. भार असतानाच चीर भरली तर बीम त्या ताणलेल्या अवस्थेतच चिकटतो. आधी भार उतरवला, टेकू घेतला, मग भरलं, तर पुढचा भार भरलेलं सगळं काँक्रीट मिळून घेतं.

भरलं गेलं की नाही हे तपासायला अल्ट्रासॉनिक चाचणी करतात, पण तिच्यातही एक खाच आहे. बीमच्या समोरासमोरच्या बाजूंवर प्रोब ठेवून २३० मिमीमधून सरळ मोजलं तर ध्वनी चिरेच्या समांतर जातो, चीर ओलांडतच नाही. रीडिंग भरण्याआधीही चांगलं येतं आणि नंतरही. एक प्रोब एका बाजूला चिरेच्या खाली आणि दुसरा समोरच्या बाजूला चिरेच्या वर, असं तिरकं ठेवायला सांगा. त्याच खुणांवर भरण्याआधी एकदा आणि सात दिवसांनी पुन्हा मोजलं तरच तुलनेला अर्थ आहे. एकाच बीमच्या शिअर भागात कोर काढून पाहणं मला पटत नाही. बरेच बीम दुरुस्त होत असतील तर इंजिनिअर दाखवतील त्या जागी, रिंग टाळून, एखादा छोटा कोर घ्यावा.

इपॉक्सीची एक मर्यादा कॉन्ट्रॅक्टर सांगत नाहीत, ती म्हणजे उष्णता. अशा राळा साधारण ५०-६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतात. पार्किंगमधल्या बीमला रोजच्या वापरात याचा त्रास नाही, पण गाड्यांना आग लागली तर भरलेली चीर पुन्हा चिरेसारखीच वागेल. म्हणून दुरुस्तीनंतर त्यावर पूर्ण जाडीचं प्लास्टर परत करायचं आणि फक्त इपॉक्सीच्या भरवशावर बीम उभा नाही ना, हे इंजिनिअरच्या हिशेबात यायला हवं.

आता दुसरा बीम, टॉयलेटखालचा. सळईला समांतर आडवी चीर आणि तपकिरी डाग म्हणजे आतली सळई गंजून फुगली आणि तिने कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, ढकललं. गंज मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. हातोडीने हलकं ठोकून पाहा, चिरेच्या आसपास पोकळ आवाज येईल. या चिरेत इपॉक्सी भरलं तर आत गंज, ओलावा आणि कार्बोनेशन झालेलं, म्हणजे हवेमुळे अल्कधर्म गमावलेलं काँक्रीट कोंडलं जातं. गंजणं थांबत नाही आणि एक-दोन पावसाळ्यांत कव्हरचा ढलपा मोठ्या तुकड्याने खाली येतो. खाली गाड्या आणि मुलं असतात हे विसरू नका. सिमेंट ग्राउटनेही तेच होतं, फक्त स्वस्तात.

इथे आधी वरच्या टॉयलेटची गळती बंद करायची. मग टेकू देऊन सुटलेलं कव्हर सळईच्या मागे २०-२५ मिमीपर्यंत काढायचं आणि चांगली, न गंजलेली सळई दिसेपर्यंत बाजूला सरकत जायचं. ताज्या फुटलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन फवारलं की जिथे गुलाबी रंग येत नाही तिथे काँक्रीटचा अल्कधर्म संपलेला आहे, तेवढा भाग गेला असं समजा. सळई चकचकीत होईपर्यंत घासायची. तिचा व्यास कॅलिपरने मोजून इंजिनिअरला द्यायचा. ती बरीच झिजली असेल तर जोडसळई द्यावी लागते. मग सळईला गंजरोधक कोट आणि जाडीप्रमाणे पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीट. हा खर्च इंजेक्शनपेक्षा मोठा आहे, पण इथे स्वस्त पर्याय अस्तित्वातच नाही.

मग सिमेंट ग्राउटिंग कुठे? बीममध्येच त्याला चांगली जागा आहे. बीम-कॉलमच्या जोडावर सळयांची गर्दी असते, तिथे ओतताना माल नीट गेला नाही की हनीकोंब, म्हणजे खडीच्या मधे पोकळ्या असलेलं काँक्रीट, राहतं. कव्हर काढताना तुमच्याकडे तसं काही निघालं, तर तिथे इपॉक्सी भरू नका. लिटर-दोन लिटर राळ एका पोकळीत गेली की ती स्वतःच्या उष्णतेने तापते, खर्च अवाच्या सवा होतो आणि सळईभोवती अल्कधर्मी आवरणही मिळत नाही. सिमेंट ते आवरण देतं, सळईला गंजापासून राखणारी गोष्ट तीच. सैल खडी काढून, भोकं पाडून नोझल सिमेंटने बसवायचे, आदल्या दिवशी पाणी सोडून भिजवायचं, आणि ग्राउट ०.४ ते ०.४५ पाणी-सिमेंट प्रमाणाचा ठेवायचा, म्हणजे ५० किलोच्या गोणीला २० ते साडेबावीस लिटर पाणी. बाजारातली न आकसणारी पावडर बहुतेक गोणीला २२५ ग्रॅमच्या पुडीत येते, तरी पुडीवरचं प्रमाण वाचा. ती मिसळल्यावर फुगण्याची क्रिया लगेच सुरू होते, त्यामुळे ग्राउट अर्ध्या तासात संपवावा. तासभर ठेवलेला ग्राउट बादलीतच फुगून झालेला असतो. दाब दोन-तीन किलो पुरतो, आणि दुसऱ्या दिवशी वरच्या नोझलला पुन्हा ग्राउट द्यायचा, कारण पाणी वर येऊन माल खाली बसलेला असतो. पाच-सहा मिमीपेक्षा रुंद, स्थिर भेगांनाही हेच बरं. तिथे पातळ इपॉक्सी वाहून जातं.

दोन्ही कॉन्ट्रॅक्टरकडून नवं कोटेशन मागवताना तिरक्या चिरेसाठी "नोझलमागे दर, त्यात अमुक मिली राळ धरलेली, वर गेल्यास मिलीप्रमाणे वेगळे" असं लिहून घ्या. नोझलचं अंतर २०० मिमी, टेकू, घाण्यांचे नमुने, प्रत्येक नोझलची नोंद आणि आधी-नंतरची तिरकी अल्ट्रासॉनिक चाचणी कोटेशनमध्येच असू दे. गंजलेल्या बीमचं कोटेशन वेगळं घ्या, चौरस मीटरवर. आणि एक बारीक गोष्ट, जिच्यावरून नंतर भांडणं होतात: इंजेक्शननंतर नोझल कापून पुट्टी ग्राइंडरने घासून काढायची, किंवा ती ओली असतानाच तिच्यावर जाडी वाळू दाबून ठेवायची, हेही लिहा. गुळगुळीत इपॉक्सीवर सिमेंटचं प्लास्टर धरत नाही. सहा महिन्यांनी तिथे प्लास्टर पोकळ होऊन रेघ उमटते, सगळ्यांना वाटतं चीर परत आली, आणि पुन्हा इंजिनिअरला बोलावून, प्लास्टर फोडून ती आली नाही हे दाखवावं लागतं.